संपादकांना पाठवलेलं पत्र: ‘बस पंक्चर झाली’ हे मराठी आहे की नाही?

सातवी_ब

नमस्कार मंडळी. मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका शाळेत मराठी शिकवते. गेल्या महिन्यात तालुक्याच्या निबंध स्पर्धेला आमच्या वर्गातला एक मुलगा गेला होता. विषय ‘आमची सहल’. त्यानं लिहिलेला हा तुकडा:

“नळदुर्गला जाताना वाटेत आमची बस पंक्चर झाली. ड्रायव्हरकाकांनी स्टेपनी लावली. तोवर आम्ही झाडाखाली टिफिन उघडले. किल्ल्याच्या तिकिटाला रांग होती. पाणीमहालात फोटो काढले.”

परीक्षकांनी बस, पंक्चर, ड्रायव्हर, स्टेपनी, टिफिन, तिकीट, फोटो या सगळ्यांभोवती लाल गोल काढले. बाजूला शेरा: “परकीय शब्दांचा भरणा. गुण वजा.” स्टेपनीच्या वर बारीक अक्षरात ‘अतिरिक्त चाक’ असंही लिहून दिलं होतं. मुलानं मला विचारलं, “बाई, मग काय लिहायचं होतं?” मला पटकन उत्तर देता आलं नाही.

त्याच आठवड्यात एका दैनिकात ‘इंग्रजीने नासवलेली मराठी’ अशा अर्थाचं वाचकाचं पत्र आलं होतं. मी उत्तर लिहून पाठवलं. ते छापून आलं, पण कसं ते खाली सांगते. आधी मूळ पत्र:

“मा. संपादक, स. न. वि. वि.

आपल्या वाचकांची कळकळ पोचली. पण शब्द कुठून आला यावर तो आपला की परका हे ठरवायचं, तर ज्या लाल शाईनं आमच्या विद्यार्थ्याच्या कागदावर गोल काढले ती शाई आणि तो कागद दोन्ही फारसीतून आलेले आहेत. परीक्षक ज्या खुर्चीवर बसले ती अरबी, आणि त्यांना मिळालेलं मानधन सोडलं तर त्यांचा पगार पोर्तुगीज.

मी वर्गात वेगळी खूण शिकवते. शब्द मराठी व्याकरणाचं ऐकतो का ते पाहावं. बँक आली आणि विटेच्या ओळीत जाऊन बसली: वीट, विटा, विटेत, बँक, बँका, बँकेत. सायकल भिंतीच्या ओळीत गेली: भिंत, भिंती, भिंतीवर, सायकल, सायकली, सायकलीवर. टेबलावर, कोर्टात, पोस्टात, शर्टाला हे शब्द इंग्रज माणसाला ओळखूही येणार नाहीत. क्रियापदंही आपलीच. इंग्रज पंक्चर दुरुस्त करतो, आपण ते काढतो, काट्यासारखं. फोटोही काढतो, तिकीटही काढतो.

मुलानं जे पाहिलं ते जसं बोलतो तसं लिहिलं. त्याचे गुण कापून आपण त्याला एवढंच शिकवलं की लिहायची भाषा आपली नसते.”

छापून आलं तेव्हा शेवटचा परिच्छेद गायब होता. तेही चालेल. पण ‘टेबलावर’चं ‘मेजावर’ केलं होतं! म्हणजे वाक्य असं झालं: “मेजावर, कोर्टात, पोस्टात, शर्टाला हे शब्द इंग्रज माणसाला ओळखूही येणार नाहीत.” खरंच आहे म्हणा, कसे येतील.

तर प्रश्न असा: माझी खूण बरोबर आहे का? शाळेतल्या लेखनात कुठले इंग्रजी शब्द चालवून घ्यावेत?

खवट_खोबरं

मेजावर 😂 आणि मेज तरी कुठे आपल्या आजोबांचं. तेही फारसी किंवा पोर्तुगीज. पाहुण्याला हाकलून दुसऱ्या पाहुण्याला घरमालक केलं.

पक्या_नाशिककर

बाई, सावरकरांनी महापौर, दिनांक, चित्रपट, दिग्दर्शक हे शब्द दिले तेव्हाही लोक हसलेच होते. आज कोण हसतं? वापरायला लागलं की रुळतात. ‘अतिरिक्त चाक’ही रुळेल. आपणच आळशी आहोत.

तळटीप

पक्या, अर्धं बरोबर. महापौर रुळला. पण त्याच यादीतला ‘दूरध्वनी’ पन्नास-साठ वर्षं लेटरहेडवर छापला गेला आणि तोंडात कधी आला नाही. “जरा दूरध्वनी कर रे” असं तुझ्या घरी कोणी म्हटलंय? महापौर हे एका पदाचं नाव आहे. ते पालिकेनं ठरवलं, पाटीवर लिहिलं, बातमीत रोज आलं. त्या शब्दाला बाजारात जावं लागलं नाही. फोन मात्र माणसं स्वतः हातात घेतात, आणि हातातल्या वस्तूचं नाव वस्तूबरोबरच येतं.

१९६२ साली सरकारनं पदनाम कोश काढला तेव्हाही हेच झालं. वर्तमानपत्रांनी त्याला ‘बदनाम कोश’ म्हणून झोडपलं, तरी त्यातली बरीच पदनामं आज आपण सहज वापरतो, कारण ती अर्जावर लिहावीच लागतात. तेव्हा नुसत्या ‘वापरलं की रुळतं’वर जाऊ नकोस. वापरायला कोण लावतं, तेही बघ.

जाता जाता स्टेपनीबद्दल. वेल्समध्ये लानेली गावात स्टेपनी नावाचा रस्ता आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या एका कंपनीनं मोटारीला जोडायचं जादा चाक काढलं, त्याला रस्त्याचं नाव दिलं. आज इंग्लंडात स्टेपनी मागितलीत तर गॅरेजवाला तोंडाकडे बघेल. आपल्याकडे उमरग्याच्या टायरवाल्यालाही कळतं. परीक्षकांनी ज्याला परकीय म्हणून गोल केला तो शब्द इंग्रजांनी कधीच टाकून दिलाय.

गवतीचहा

स्टेपनीचं माहीत नव्हतं! आमच्याकडे घासलेट म्हणतात रॉकेलला, ते ‘गॅसलाइट’वरून आलंय म्हणे. गॅस नाही आणि लाइटही नाही, पण नाव राहिलं.

अण्णा_वाईकर

बाईंच्या मूळ पत्राशी माझं भांडण नाही. बस, तिकीट, फोटो यांना मीही गुण कापले नसते. छत्तीस वर्षं पेपर तपासलेत. पण अशा पत्रांचा आधार घेऊन काय काय आत शिरतं ते पाहा.

माझी नात सांगते, “आजोबा, माझा कझिन आला होता.” मी विचारतो, कोणता? मामेभाऊ, चुलतभाऊ, आतेभाऊ की मावसभाऊ? तिला सांगायला थांबावं लागतं. चार नाती होती, त्यांचं एक गाठोडं झालं. तसंच राइसचं. आपण तांदूळ निवडतो, भात जेवतो, आणि मावळात शेतात उभा असतो तोही भातच. हॉटेलात आणि आता घरातही तिन्हीला राइस. इथे शब्द आला आणि सोबत भेद घेऊन गेला. स्टेपनीनं आपलं काही नेलं नाही, कारण आपल्याकडे मोटारच नव्हती.

आणि ‘मला फील झालं’, ‘मी डिसाइड केलं’, ‘ॲडजस्ट कर ना’? वाटणं, ठरवणं, सांभाळून घेणं यांचं काय वाकडं झालं होतं? बाईंच्या खुणेत हे बसतं की नाही? ‘डिसाइड केलं’मध्ये करणे हे क्रियापद मराठीच आहे. मग तोही मराठी म्हणायचा का?

सातवी_ब

अण्णा, कझिनचं अगदी मान्य. ‘डिसाइड केलं’चा मी विचारच केला नव्हता. माझ्या पत्रात सगळी नामं आहेत.

न्यूजर्सीवाली

आमच्या घरचा किस्सा. मुलगी आठ वर्षांची. मी म्हटलं, “आज हॉटेलात जेवायला जाऊ.” तिनं विचारलं, “बॅगा भरायच्या का?” 😄 तिच्या इंग्रजीत हॉटेल म्हणजे राहायची जागा. माझं हॉटेल हा तिच्यासाठी मराठी शब्द आहे, आणि तो तिला मराठी म्हणूनच शिकवावा लागतो. गॅलरीचंही तेच. आमच्या दादरच्या घराला गॅलरी होती म्हटलं तर तिला वाटलं, भिंतीवर चित्रं टांगलेली होती.

खवट_खोबरं

आणि ‘बॅगा’ म्हणाली बघा. बॅग्ज नाही. पोरगी पास.

मडगावकर

माझं मत स्पष्ट आहे. इंग्रजी माध्यमाच्या शाळा बंद केल्याशिवाय मराठी वाचणार नाही. आमच्या गोव्यात प्राथमिक शाळांच्या माध्यमावरून किती आंदोलनं झाली ते तुम्हाला ठाऊक नाही.

भटकभवानी

दादा, धागा माध्यमाचा नाही, शब्दांचा आहे. आणि गोव्यात तर खिडकीला जनेल आणि खुर्चीला कदेल म्हणतात, दोन्ही पोर्तुगीज. त्यानं कोकणी मेली नाही.

मडगावकर

माध्यम गेलं की शब्द जाणारच. असो. कदेल मात्र आमचीच हां.

दोन_कॉलमी

मी बावीस वर्षं एका दैनिकात डेस्कवर होतो (ते कुठलं, ते विचारू नका). बाईंच्या ‘मेजा’चा खुलासा मी देऊ शकतो.

प्रत्येक डेस्कवर एक शैलीपुस्तिका असते, निदान भिंतीवर चिकटवलेली एक यादी तरी. डावीकडे नको असलेला शब्द, उजवीकडे हवा असलेला. आमच्याकडे मोबाइलला भ्रमणध्वनी, टेबलला मेज, बसला बसगाडी असं होतं. पत्रांच्या पानाला रात्री वेळ कोणाला नसतो. नवा पोरगा यादी घेऊन बसतो आणि शोधा-बदला करतो. वाक्य काय म्हणतंय ते वाचतच नाही. बाईंचं पत्र त्या शब्दांबद्दलच आहे हे त्याच्या लक्षातही आलं नसणार.

एकदा एका पोरानं ‘बस’ शोधून सरसकट ‘बसगाडी’ केलं. दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर बातमी होती: “मंत्री व्यासपीठावर जाऊन बसगाडीले.” संपादकांनी यादी फाडली नाही. त्यांनी पोराला फाडलं.

गंमत म्हणजे ज्या पानावर आम्ही भ्रमणध्वनी लिहायचो त्याच पानाच्या खाली अर्ध्या पानाची जाहिरात असायची, ‘नवा मोबाइल घ्या’. जाहिरातीला शैलीपुस्तिका लागत नाही. मथळ्यालाही लागत नाही, कारण दोन कॉलमांत भ्रमणध्वनी मावत नाही. त्यामुळे मथळ्यात फोन, बातमीत भ्रमणध्वनी आणि जाहिरातीत मोबाइल. आमचा वाचक तिन्ही वाचायचा आणि मोबाइल म्हणायचा.

पक्या_नाशिककर

बसगाडीले 😂😂 आज ऑफिसात हेच म्हणणार. “सर, बसगाडू का?”

तळटीप

बाई, आता तुमच्या खुणेबद्दल. खूण चांगली आहे, पण तुमच्याच निबंधातल्या पहिल्या शब्दावर ती अडते. ‘बस’चं अनेकवचन सांगा.

बँकेसारखं ‘बसा’ होत नाही. सायकलीसारखं ‘बसी’ही नाही. लोक ‘बसेस’ म्हणतात, म्हणजे अनेकवचन सरळ इंग्रजीतून उचललेलं, नाहीतर ‘बसगाड्या’ करून वाट काढतात. आणि ‘बसेत चढलो’ कोणी म्हणत नाही, ‘बसमध्ये’ म्हणतात. म्हणजे शब्द रोजच्या वापरातला, तरी सामान्यरूप घेत नाही. मोटार आणि कार शेजारी ठेवून पाहा: मोटारी, मोटारीत, मोटारीनं, पण कारमध्ये, कारनं, आणि अनेकवचनाला ‘कार’च किंवा ‘कार्स’. दोन्ही एकाच वस्तूची नावं. एक आधी आला, एक मागून.

मला वाटतं तुमची खूण शब्द किती मराठी आहे ते सांगत नाही, तो कधी आला ते सांगते. आधी आलेले शब्द वाकले: कोर्टात, पोस्टात, टेबलावर, तिकिटाला. मागून आलेले ताठ उभे आहेत: मोबाइलमध्ये, लॅपटॉपवर, ट्रेननं. माझे वडील ‘कॉलेजात’ म्हणायचे, मी ‘कॉलेजमध्ये’ म्हणतो. शब्द तोच, वाकणं थांबलं.

तिकिटाबद्दल मात्र तुम्ही पत्रात एक हुकमी पान टाकायचं विसरलात. शुद्धलेखनाच्या नियमाप्रमाणे मराठी शब्दातला शेवटून दुसऱ्या अक्षराचा दीर्घ ईकार किंवा ऊकार सामान्यरूपात ऱ्हस्व होतो: वकील–वकिलाला, गरीब–गरिबाला. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द या नियमाला सोडलेले आहेत, म्हणून शरीर–शरीराला. आता तिकीट बघा: तिकिटाला. तुमच्या मुलानं ऱ्हस्वच लिहिलंय. दीर्घ लिहिलं असतं तर याच परीक्षकांनी शुद्धलेखनाचा अर्धा गुण कापला असता. म्हणजे नियमाच्या लेखी तिकीट घरचं आणि शरीर पाहुणं.

अण्णा_वाईकर

वा, तळटीप. तिकिटाचं मी आयुष्यभर लाल केलंय, पण हे असं कधी मनात आलं नाही. पहिली वेलांटीच काढायला लावायचो मी.

गवतीचहा

पण तळटीप, मग पेनाचं काय? तो इतका जुना शब्द, तरी आमच्या घरात नवरा ‘माझा पेन’ म्हणतो आणि मी ‘माझं पेन’. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, पेन अजून ठरलं नाही. आणि ‘मेल आला’ की ‘मेल आली’? आमच्या ऑफिसात दोन गट आहेत.

खवट_खोबरं

मेल आली म्हणजे कोलकाता मेल. प्लॅटफॉर्मवर जा.

तळटीप

गवतीचहा, पकडलंत. लिंगाचं मला नीट सांगता येत नाही. बस, कार, जीप, ट्रेन स्त्रीलिंगी झाल्या, ‘गाडी’च्या वळणानं असं म्हणावं, तर ट्रक आणि टेम्पो पुरुष कसे? मोठं आणि दणकट ते पुरुष, असा काहीतरी हिशेब असावा, पण टेम्पोपेक्षा बस मोठी, म्हणून मी पैज लावणार नाही.

भटकभवानी

मला तळटीपच्या मधल्या मुद्द्याची जास्त धास्ती वाटते. वाकणं थांबलंय ते फक्त इंग्रजी शब्दांपुरतं नाही. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा मेसेज होता: “उद्या पुणेमध्ये पाणी येणार नाही.” पुण्यात नाही, पुणेमध्ये. ठाणेला, सातारामध्ये, हेही रोज वाचते. या वाक्यात इंग्रजी शब्द एकही नाही. परीक्षकांनी गोल कशाभोवती काढला असता? मला ते वाक्य ‘बस पंक्चर झाली’पेक्षा कितीतरी कमी मराठी वाटतं.

पक्या_नाशिककर

टाइपिंगमुळे होतं ते. फोनच सुचवतो.

भटकभवानी

बोलतातही तसंच, पक्या. रेडिओवर ऐक.

दोन_कॉलमी

दुजोरा. डेस्कवर नवीन आलेल्या मुलांच्या कॉपीत मी हे रोज दुरुस्त करायचो. ‘साताराचा’ लिहितात, ‘साताऱ्याचा’ नाही. आणि आमच्या यादीत मात्र याबद्दल एक ओळ नव्हती. यादी शब्दांची होती, रूपांची नव्हती.

अण्णा_वाईकर

२०२४ साली पहिलीच्या बालभारतीतल्या कवितेत ‘वन्समोअर’ आणि ‘शोर’ यमकाला आले म्हणून केवढा गदारोळ झाला होता. मीही दोन ठिकाणी तावातावानं बोललो होतो, आणि अजूनही म्हणतो की पहिलीच्या पोराला ‘शोर’ कशाला, गलका होता, कल्ला होता. पण सातारामध्ये ऐकून मी कधी कोणाला पत्र लिहिलं नाही हेही खरं. वाईला राहून!

तरी बाई, माझा ‘डिसाइड केलं’ राहिलाच. त्याचं उत्तर कोणी दिलं नाही.

तळटीप

अण्णा, कारण ते अवघड आहे. नामापुढे करणे किंवा होणे लावून क्रियापद बनवायची सोय मराठीत फार जुनी आहे. ‘तक्रार करणे’, ‘शिफारस करणे’ फारसीच्या काळात असेच आले आणि आज त्यांवर कोणी गोल काढत नाही. ‘डिसाइड करणे’ त्याच दारातून येतंय. त्यामुळे व्याकरणानं त्याला अडवता येणार नाही. अडवायचं तर तुम्ही कझिनला लावली तीच कसोटी लावा, की यानं काय नेलं. ‘ठरवलं’ नेलं असं वाटत असेल तर वर्गात अडवा. वर्गाबाहेर आपलं कोण ऐकतंय.

न्यूजर्सीवाली

आमच्याकडे उलटं. मुलीच्या मराठी शाळेत ‘ठरवलं’ शिकवलं तर ती घरी येऊन ‘मी डिसाइड ठरवलं’ म्हणाली.

सातवी_ब

मंडळी, उशिरा येतेय, चाचणी परीक्षा चालू होत्या.

तळटीप, तुमचा ‘बस’चा प्रश्न मी सरळ वर्गातच विचारला. फळ्यावर बँक, सायकल, फाइल, बॅग, बस लिहिलं आणि म्हटलं, अनेकवचन सांगा. बँका, सायकली, फायली, बॅगा खटाखट आलं. बसपाशी सगळे थांबले. एक जण म्हणाला “बसा”, आणि त्याच्या शेजारचा खरंच खाली बसला, मग पाच मिनिटं कोणी कोणाचं ऐकलं नाही.

मग तोच निबंधवाला मुलगा मागून म्हणाला, “बाई, एसट्या.”

एसटी, एसट्या, एसटीत, एसटीनं. आमच्याकडे सगळे असंच बोलतात. “संपात एसट्या बंद होत्या” असं. विटेनंतर भिंत, तशी ही नदीच्या ओळीत गेली: नदी, नद्या, नदीत. दोन इंग्रजी शब्दांच्या नावाची दोन अक्षरं, आणि मराठीत इतकी वाकली.

मी त्याला म्हटलं, अरे मग निबंधात एसटी का नाही लिहिलंस? सहलीला आपण एसटीच तर केली होती. तो काही बोलला नाही. संध्याकाळी मी कपाटातून स्पर्धेआधी तपासलेला त्याचा कच्चा कागद काढला. पहिली ओळ अशी होती: “नळदुर्गला जाताना वाटेत आमची एसटी पंक्चर झाली.” एसटीवर काट मारून वर ‘बस’ लिहिलेलं आहे. लाल शाईनं. अक्षर माझं.

अण्णा_वाईकर

बाई, माझ्या छत्तीस वर्षांत किती एसट्या गेल्या असतील, देव जाणे.

खवट_खोबरं

आता हे पत्र त्याच दैनिकाला पाठवू नका. ‘राज्य परिवहन गाडी पंक्चर’ छापतील.

दोन_कॉलमी

पंक्चरही ठेवणार नाहीत.